एक अहवाल आणि तीन परीक्षक

मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपले डोणगाव लागते. गाव मोठे आहे, आणि आसपासच्या लहान गावांत, वस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. अशा काही शाळा मिळून एक केंद्र होते. केंद्रप्रमुख शाळेला भेट देतात, वर्गात बसतात, मुलांना वाचायला लावतात, आणि परत आल्यावर शाळाभेटीचा अहवाल लिहितात. तो अहवाल वर तालुक्याला जातो. तिथे बसून जो कोणी वाचतो, त्याने ती शाळा त्या दिवशी पाहिलेली नसते. त्याच्यापुढे कागद असतो, तेवढाच. त्या कागदावरून त्याला ठरवायचे असते की कुठे आधी धावायचे, कुठे पुस्तके पाठवायची, आणि कोणता अहवाल 'पुन्हा लिहून आणा' म्हणून परत करायचा.

आता गंमत अशी की हे वाचणारे एकच नसतात. दोघे असतात, तिघे असतात. एकाला जो अहवाल उत्तम वाटतो तोच दुसऱ्याला पोकळ वाटतो. मग अहवाल लिहिणारा माणूस हळूहळू शहाणा होतो. 'अमक्या साहेबांकडे जाणार असेल तर लांब लिहा, तमक्यांकडे असेल तर चार ओळी पुरे,' हे तो शिकतो. शाळेत काय दिसले हे लिहिण्यापेक्षा साहेबांना काय रुचते ते लिहिले जाते. तिसरीतली जी पाच मुले अक्षरावर अडखळतात, ती कागदावर कुठेच उमटत नाहीत.

समजुतीसाठी दोन अहवाल घेऊ. हे मी रचलेले आहेत, कोणत्याही एका शाळेचे नव्हेत. पहिला चार पानांचा, संगणकावर छापलेला. त्यात लिहिले आहे, 'शाळेचे वातावरण प्रसन्न आहे. विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक आढळली. शिक्षकांना योग्य ते मार्गदर्शन करण्यात आले.' दुसरा एका पानाचा, हाताने लिहिलेला, एका ठिकाणी खाडाखोडही आहे. त्यात आहे, 'इयत्ता तिसरी, पट २२, हजर १७. हजेरीपटावरून एकाआड एक अशा ८ मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला दिला. ३ मुलांनी नीट वाचला. ५ जण जोडाक्षर आले की थांबतात. मागच्या भेटीत रोज वीस मिनिटे वाचन घ्यावे असे ठरले होते, ते सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत बंद पडले. बाईंनी सोमवारपासून या ५ मुलांचा वेगळा गट घ्यावा. मी पंधरा दिवसांनी येऊन याच मुलांचे वाचन पुन्हा ऐकेन.'

हे दोन अहवाल तीन परीक्षकांना दिले आणि सांगितले, दहापैकी गुण द्या. समजा पहिल्या अहवालाला गुण पडले ८, ४ आणि ७. दुसऱ्याला पडले ५, ९ आणि ४. तिघेही प्रामाणिक आहेत, तिघांनीही वाचून गुण दिले आहेत. मग एवढे अंतर कसे पडले? तिघांना वेगवेगळे बसवून विचारा, म्हणजे कळेल. पहिल्याने टापटीप पाहिली. दुसऱ्याने शाळेत काय दिसले ते शोधले. तिसऱ्याच्या मते अहवाल म्हणजे भारदस्त भाषेत, सगळे मुद्दे घेऊन लिहिलेला मजकूर. तिघांनी कागद एकच पाहिला, पण मोजली तीन वेगळी मापे.

याचे एक जुने प्रमाण आहे. १९६१ साली अमेरिकेत पॉल डायडरिक आणि त्यांच्या सोबत्यांनी महाविद्यालयात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध घेतले आणि ते ५३ जणांकडून तपासून घेतले. त्यांत शिक्षक होते, वकील होते, संपादक होते, व्यापारातले लोकही होते. श्रेणी एकूण नऊ होत्या. कशाला किती महत्त्व द्यायचे हे मुद्दामच सांगितले नव्हते. शंभरातल्या ९४ निबंधांना सात किंवा त्याहून जास्त निरनिराळ्या श्रेणी मिळाल्या. पाचांपेक्षा कमी श्रेणी मिळालेला निबंध एकही नव्हता. पण डायडरिक तिथे थांबले नाहीत. परीक्षकांनी लिहिलेले शेरे त्यांनी लावून पाहिले, तेव्हा त्यांचे पाच तट पडलेले दिसले. कोणी विचार पाहत होता, कोणी शुद्धलेखन, कोणी मांडणी, कोणी शब्द, तर कोणाला लिहिणाऱ्याची ढब भावत होती. म्हणजे मतभेदाला कारण होते, आणि ते सापडण्याजोगे होते.

तेव्हा पहिले काम हे की काय मोजायचे ते एक करणे. त्यासाठी जी लेखी पट्टी करतात तिला शिक्षक मंडळी आज 'रुब्रिक' म्हणतात. मी आपला 'पट्टी' म्हणेन. शाळासिद्धीमुळे ही चीज आपल्या गुरुजींना अगदीच अनोळखी नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठाने २०१५ साली शाळासिद्धी आणली. तिच्यात ७ क्षेत्रे, ४६ गाभा मानके, आणि प्रत्येक मानकाच्या तीन पातळ्यांचे वर्णन दिले आहे. नुसते 'पातळी दोन' असे न म्हणता पातळी दोनची शाळा कशी दिसते ते लिहिले आहे. पट्टीचा जीव तिथेच असतो. पुष्कळ ठिकाणी 'आशय ४, भाषा ३, मांडणी ३' असे लिहून पट्टी झाली असे समजतात. ती पट्टी नव्हे, ती नुसती गुणांची वाटणी झाली. आशयाला चारपैकी तीन केव्हा आणि दोन केव्हा, हे त्यात कुठे आहे? भांडण दहा गुणांवरून चार गुणांवर आले, एवढेच.

आपली पट्टी करताना आधी विचारायचे की हा अहवाल कोणाच्या कोणत्या कामासाठी आहे. शाळाभेटीचा अहवाल शाळा न पाहिलेल्या माणसाने वाचून पुढचे पाऊल ठरवावे म्हणून असतो. हे एकदा मान्य झाले की चारच गोष्टी पाहायच्या उरतात. शाळेत प्रत्यक्ष काय पाहिले? त्यावरून काढलेले अनुमान त्या पाहण्याला धरून आहे का? आता कोणी, काय, कधीपर्यंत करायचे? आणि मागच्या भेटीत जे ठरले त्याचे काय झाले? अक्षर आणि शुद्धलेखन यांना मी गुण ठेवणार नाही. वाचता येत नसेल तर अहवाल परत करा. वाचता येत असेल तर पुढे चला.

प्रत्येक गोष्टीच्या चार पायऱ्या करू, शून्य ते तीन. चार एवढ्यासाठी की पायऱ्या तीन किंवा पाच असल्या म्हणजे मधली एक असते, आणि मन ठरत नसले की परीक्षक मुकाट्याने मधल्या पायरीवर जाऊन बसतो. चार असल्या की त्याला एका बाजूला पाय टाकावाच लागतो.

आता 'काय पाहिले' ही एकच गोष्ट घेऊन पायऱ्या लिहून पाहू. तपासणाऱ्याला कागदावर बोट ठेवून दाखवता येईल असेच लिहायचे. शून्य म्हणजे नुसती मते, 'समाधानकारक', 'प्रसन्न' अशी. एक म्हणजे पाहिलेले काही आहे, पण मोजलेले नाही, जसे 'बरीच मुले अडखळत होती.' दोन म्हणजे कोणता वर्ग, किती मुले, काय करायला दिले आणि किती जणांना आले, हे आहे. तीन म्हणजे दोनमधले सगळे आहेच, शिवाय ती मुले कशी निवडली तेही लिहिले आहे, म्हणजे दुसरा माणूस जाऊन तसेच करून पाहू शकेल. मघाचा चार पानी अहवाल या पट्टीवर शून्यावर येतो. एका पानाचा तीनवर जातो, कारण 'हजेरीपटावरून एकाआड एक' एवढे तीन शब्द त्यात आहेत. ते तीन शब्द नसते, तर गुरुजींनी वाचणारी मुले पुढे केली की न वाचणारी, हे वाचणाऱ्याला कळले नसते.

इथे एक खड्डा आहे. पायरी लिहिताना 'पुरेसा तपशील', 'योग्य पुरावा', 'स्पष्ट सूचना' असे शब्द फार सहज येतात. ऐकायला बरे वाटतात, पण पुरेसा म्हणजे किती, हे ज्याचे तो ठरवतो. आपल्या कापसाचे पाहा ना. १९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा केंद्रावर ग्रेडर मूठभर कापूस हातात घेई आणि बोटांनी, नजरेने प्रत ठरवी. गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला भाव त्या नजरेवर मिळायचा. 'साहेब, कापूस एकाच वावरातला आहे, मग परवाच्या गाडीला वरची प्रत अन् आजच्याले खालची कशी?' असे त्याने विचारले, तर ग्रेडरला उत्तर द्यायला नमुना हवा. नुसता 'चांगला कापूस' हा शब्द कामाचा नाही. पट्टीलाही तसाच नमुना लागतो. म्हणून प्रत्येक पायरीबरोबर खऱ्या जुन्या अहवालातला, नावगाव झाकलेला, एक उतारा चिकटवून ठेवावा.

दुसरा खड्डा जरा खोल आहे. आकड्याला गुण आहेत हे कळले की लोक आकडे कोंबतात. खिडक्या ८, पंखे ४, झाडे ३१, असे अहवाल येऊ लागतात. तेव्हा पायरी दोनमध्ये एक अट घालावी की ज्या गोष्टीबद्दल अहवालात पुढे काम सांगितले आहे, त्याच गोष्टीचे मोजमाप धरले जाईल. वाचनाबद्दल काम सांगितले असेल तर वाचनाचा आकडा हवा. झाडांचा आकडा राहू द्या, त्याला गुण नाही.

पट्टी कागदावर आली म्हणजे काम निम्मेही झालेले नसते. आता तिची परीक्षा घ्यायची. मागच्या वर्षीचे २० अहवाल काढा. लिहिणाऱ्याचे आणि शाळेचे नाव कागद चिकटवून झाका. दोन परीक्षकांना त्यांच्या प्रती द्या, आणि गुण लिहून होईपर्यंत दोघांनी आपसात अवाक्षर बोलायचे नाही. आधी बोलले की मोठ्या अधिकाऱ्याचे मत दोघांचे होते. तपासताना एक अहवाल घेऊन चारही गोष्टी संपवू नयेत. 'काय पाहिले' ही एक गोष्ट वीसही अहवालांत पाहावी, मग दुसरी घ्यावी. नाहीतर पहिल्या गोष्टीने खूश झालेला माणूस उरलेल्या तिन्हींत हात सैल सोडतो.

मग जुळवून पाहायचे. पण जुळणी मोजताना फसगत होते, ती समजून घ्या. समजा दोघांना फक्त एवढेच ठरवायचे आहे की अहवाल ठेवायचा की परत करायचा. दोघांनीही वीसपैकी १६ ठेवले आणि ४ परत केले. जुळवून पाहिले तर १४ अहवालांत निर्णय सारखा आला. शंभराला सत्तर! वाटते, वा, छान जमले. पण आत डोकावून पाहा. दोघांनीही ठेवलेले १३ आहेत, आणि दोघांनीही परत केलेला फक्त १ आहे. बाकी सहांपैकी तीन एकाने परत केले आणि तीन दुसऱ्याने. म्हणजे निदान एकाने तरी परत केलेले अहवाल झाले सात, आणि त्यांत एकमत एकावर. दोघांनी अहवाल न वाचता डोळे मिटून, पाचांतला एक या हिशेबाने परत केला असता, तरी सरासरीने वीसपैकी साडेतेराच्या आसपास निर्णय जुळलेच असते. चौदा जुळले याची मातब्बरी काय मग?

ही फसगत ओळखण्याची रीत जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली मांडली. तिला 'काप्पा' म्हणतात. ती सोपी आहे. योगायोगाने जेवढे जुळले असते तेवढे बाजूला काढायचे. आपल्या उदाहरणात ते १३.६ येतात. वीसमधून ते गेले की जुळवायला जागा उरली ६.४ अहवालांची. प्रत्यक्षात योगायोगाच्या वर जुळले फक्त ०.४. तेव्हा ०.४ भागिले ६.४, म्हणजे साधारण ०.०६. पूर्ण जुळणी असती तर हा आकडा १ आला असता. शून्याजवळ आला म्हणजे पट्टी अजून काही काम करत नाही. हिशेब नको वाटत असेल तर मघाचा प्रश्न विचारा की कोणीतरी खोट काढलेल्या अहवालांपैकी किती अहवालांत दोघांनीही खोट काढली. तेवढ्याने बरेच कळते.

आता दोघांनी समोरासमोर बसायचे आणि न जुळलेले अहवाल काढायचे. बहुमत घ्यायचे नाही. सरासरी तर मुळीच काढायची नाही. एकाने ० दिले, दुसऱ्याने ३ दिले आणि दीड लिहून मोकळे झालो, तर भांडण झाकले गेले आणि पट्टी होती तशीच राहिली. प्रत्येकाने अहवालातली ओळ वाचून दाखवायची, 'या ओळीमुळे मी तीन दिले.' असे केले की कारण तीनपैकी एक निघते. कधी एकाच्या नजरेतून ओळ निसटलेली असते, तिथे पट्टीचा दोष नाही, गुण दुरुस्त करा. कधी पायरीचे शब्दच दोन अर्थांचे असतात, तिथे शब्द बदला. आणि कधी पट्टी करताना सुचलेच नव्हते असे काही अहवालात येते.

या तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण देतो. अहवालात ओळ आहे, '१७ पैकी ६ मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही, असे बाईंनी सांगितले.' वर्ग आहे, आकडे आहेत, काय येत नाही तेही आहे. एक परीक्षक म्हणतो दोन द्या. दुसरा म्हणतो, 'अहो, पण हे पाहिलेले कुठे आहे? हे ऐकलेले आहे.' दोघांचेही बरोबर वाटते. बाईंना आपल्या वर्गाची माहिती केंद्रप्रमुखांपेक्षा जास्त असते, ती कमी लेखून चालणार नाही. पण ज्या गोष्टीला 'काय पाहिले' असे नाव आहे, तिथे पाहिलेलेच हवे. तेव्हा पट्टीत एक ओळ वाढवायची की शिक्षकांनी सांगितलेली संख्या असेल तर एक, आणि त्यांतल्या दोन-तीन मुलांना तरी भेट देणाऱ्याने स्वतः उदाहरण घालून पाहिले असेल तर दोन. त्या ओळीशेजारी तारीख आणि या अहवालाचा उतारा ठेवायचा. सहा महिन्यांनी नवा परीक्षक आला की त्याला हा वाद पुन्हा पहिल्यापासून घालावा लागत नाही.

शब्द बदलले की पुन्हा चाचणी घ्यायची, पण त्याच २० अहवालांवर नाही. त्यांचे गुण आता दोघांना पाठ झालेले असतात, ते जुळणारच. दुसरे वीस घ्या. माझ्या मते अशा दोन-तीन फेऱ्यांत पट्टीचे बरेच शब्द बदलतात, आणि न बदलता टिकली अशी पट्टी दिसली तर मला उलट संशय येतो की परीक्षक आपसात बोलले असावेत.

पट्टी बसली तरी परीक्षक घसरतात, हे ध्यानात ठेवावे लागते. सर फिलिप हार्टोग यांचे नाव शिक्षक बंधुभगिनींनी ऐकले असेल. ते ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि हिंदुस्थानातल्या शिक्षणाविषयी १९२९ साली अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी ऱ्होड्स यांच्यासह १९३५ साली परीक्षांचीच परीक्षा घेणारे पुस्तक काढले. त्यात इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिकांची हकीकत आहे. वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्याच १४ परीक्षकांकडे पुन्हा दिल्या. एकूण २१० निर्णय झाले, आणि त्यांतल्या ९२ वेळा परीक्षकाने आपलाच पूर्वीचा निर्णय बदलला. कधी नापास केलेला पास झाला, कधी पास झालेला नापास. म्हणजे दुसऱ्याशी जुळणे दूरच, माणूस स्वतःशीच जुळत नाही. म्हणून दर महिन्याच्या गठ्ठ्यात एक जुना, गुण ठरलेला अहवाल गुपचूप सरकवून द्यावा. त्याला गुण वेगळे पडले, तर तो महिना पुन्हा तपासावा.

बेरजेबद्दलही सांगितले पाहिजे. चार गोष्टींचे तीन-तीन मिळून बारा होतात. एका अहवालाला ३, ३, ३ आणि ० मिळून ९ पडले, दुसऱ्याला २, २, २, २ मिळून ८. बेरजेने पहिला वर गेला. पण त्याचा शून्य 'कोणी, काय, कधीपर्यंत' यात असेल, तर तो वाचून तालुक्याने करायचे काय? म्हणून बेरजेआधी अट हवी की कोणत्याही एका गोष्टीत शून्य असेल तर अहवाल परत जाईल, आणि कोणत्या गोष्टीसाठी परत आला ते त्यावर लिहिलेले असेल.

पट्टी लिहिणाऱ्यांना आधीच दाखवायची की लपवायची, असा प्रश्न नेहमी येतो. दाखवायची. नमुना उताऱ्यांसकट द्यायची. गुण देताना आक्षेप आला, तर तिसऱ्या परीक्षकाला कोरी प्रत द्यावी, आधीचे गुण दाखवू नयेत.

आणि एक गोष्ट कोणतीही पट्टी करू शकत नाही. अहवाल खरा आहे की नाही, हे तिला कळत नाही. '८ पैकी ३ मुलांनी वाचले' हे घरी बसूनही लिहिता येते, आणि दोन परीक्षक अगदी एकमताने त्याला तीन देतील. त्याला उपाय कागदावर नाही. वीस अहवालांतून चिठ्ठी टाकून दोन काढायचे, आठवड्याच्या आत त्या शाळेत जायचे, अहवालात लिहिले आहे त्याच रीतीने मुले निवडायची आणि तोच उतारा वाचायला द्यायचा. आकडा एखाद्याने इकडे-तिकडे होईल, मूल त्या दिवशी घाबरले असेल किंवा आजारी असेल. पण तीनाच्या जागी सात किंवा शून्य आले, तर त्या अहवालाबद्दल केंद्रप्रमुखांशी त्याच शाळेच्या ओट्यावर बसून बोलावे लागेल.